तारीख झाकून पाहा: कृतज्ञतेची वही आणि सरावलेले मन

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश आला: एकवीस दिवस रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा, मेंदू बदलेल. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत चार-पाच घरांत वह्या सुरू झाल्या आणि त्यातली एक माझी होती. पहिल्या आठवड्यात मी मनापासून, सविस्तर लिहिले. तिसऱ्या आठवड्यात मात्र पानोपानी ‘आई, तब्येत, चहा’ एवढेच उरले. तारीख बोटाने झाकली, तर ते पान मंगळवारचे की शनिवारचे हे मलाच सांगता येईना. वही यांत्रिक झाली आहे का, हे ओळखण्याची ही अगदी सोपी कसोटी आहे.

असे का होते, हे समजायला लासलगावच्या बाजार समितीचे उदाहरण पुरेसे आहे. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याला कांद्याचा उग्र वास लगेच जाणवतो, पण दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला तो जाणवतही नाही, कारण त्याचे नाक सरावलेले असते. आपली ज्ञानेंद्रिये स्थिर गोष्टीची दखल घेणे हळूहळू सोडतात आणि बदलाची मात्र लगेच घेतात. सुखाच्या बाबतीतही असेच घडते: नवे घर, पगारवाढ, दुखण्यातून उठणे, या साऱ्यांचा आनंद काही काळाने ओसरतो, कारण ती गोष्ट आता ‘नेहमीची’ झालेली असते. रोज रात्री ‘चहा’ लिहिणारा माणूस या सरावण्यावर उपाय करत नसतो. ज्या शब्दाने चहाची आठवण जागी व्हायची, त्या शब्दालाच तो सरावत असतो.

एकवीस दिवसांच्या आकड्यालाही आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतील असे दिसले, आणि माणसागणिक हा काळ 18 ते 254 दिवस इतका वेगळा होता. त्याहून महत्त्वाचे असे, की सवय लागणे म्हणजे लक्ष न देता कृती होणे, आणि इथे तर लक्ष देणे हेच सारे काम आहे. म्हणून सवय लावायची ती वार, वेळ आणि जागा यांची, मजकुराची नव्हे. (कृतज्ञतेची कंपने विश्वापर्यंत पोहोचून पैसा आकर्षित करतात, या प्रचाराला तर कोणताही पुरावा नाही.)

किती वेळा लिहावे? सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एका सहा आठवड्यांच्या प्रयोगाची माहिती दिली. त्यात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा लिहिणाऱ्यांचे वाढले नाही. एका प्रयोगावरून नियम करता येत नाही, पण रविवारी दहा मिनिटे ही मात्रा पाळण्याजोगी आहे.

आणि काय लिहावे? मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या प्रयोगांत, आपली जोडीदाराशी भेट कशी झाली हे लिहिणाऱ्यांपेक्षा, ती भेट कशी झालीच नसती हे लिहिणाऱ्यांचे नात्यातले समाधान अधिक वाढले. घडलेली गोष्ट मनातल्या मनात वजा केली, की ती क्षणभर पुन्हा नवी होते.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे. द्वारका चौकात रात्री माझ्या स्कूटरची क्लच वायर तुटली आणि एका मेकॅनिकने ती बदलून दिली. ‘मेकॅनिकचे आभार’ एवढे लिहून मी थांबलो असतो, तर ती नोंद चहासारखीच झाली असती. त्याऐवजी मी स्वतःला विचारले, हे कशाकशामुळे घडले नसते? शटर अर्धे खाली आले होते, म्हणजे मी पाच मिनिटे उशिरा पोहोचलो असतो तर दुकान बंद असते. त्या मापाची एकच वायर शिल्लक होती. घरून त्याला दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा तो ‘आलोच’ म्हणून पुन्हा खाली बसला. हा तिसरा तपशील लिहिताना, त्याचे जेवण माझ्यामुळे लांबले असणार, हे मला पहिल्यांदा लक्षात आले.

वजाबाकी करताना एक पथ्य पाळावे. ‘ही भेट झालीच नसती तर’ असा भूतकाळातला प्रश्न घ्यावा. ‘उद्या आई नसेल तर’ हा प्रश्न घेऊ नये, कारण त्यातून कृतज्ञता नव्हे, काळजी वाढते. शिवाय या लेखनाचा परिणाम मुळात लहान असतो. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2021 च्या एका आढाव्यात नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम अल्पच आढळला. त्यामुळे त्या त्रासासाठी वही नव्हे, डॉक्टर हवा.

एखाद्या रविवारी काहीच सुचत नाही. तेव्हा मी फक्त तारीख घालतो आणि खालची जागा कोरी सोडतो. तिथे ‘चहा’ लिहीत नाही.