दुसऱ्याचा मेल तुमच्याकडे आला तर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यालयातून आयकर रिटर्न भरून घेणाऱ्या सर्वांसाठी हे पत्रक आहे. जून-जुलैमध्ये आमच्याकडून रोज बरेच मेल जातात. रिटर्नचा मसुदा, हिशेबाचा तक्ता, पोचपावती, ई-व्हेरिफाय करण्याची आठवण. आमचे बहुतेक ग्राहक सांगली-कोल्हापूरकडचे, म्हणजे पाटील, जाधव, माने, कांबळे यांची रेलचेल. त्यात आद्याक्षरंही जुळतात. मेल लिहिताना पत्त्याची पहिली दोन-चार अक्षरं टाकली की संगणक खाली नावांची यादी दाखवतो आणि घाईत बोट चुकीच्या ओळीवर पडतं. चूक आमचीच, त्यात दुमत नाही. पण ती झाल्यावर पुढे काय होतं ते बरंचसं मेल ज्यांच्याकडे गेला त्यांच्या हातात असतं.

अशा वेळी सर्वांत जास्त त्रास कशाने होतो? बहुतेकांना वाटतं, कोणीतरी दुसऱ्याची मिळकत वाचली म्हणून. तसं नाही. मेल पाहून "आपला नाही" म्हणून गप्प डिलीट करण्याने होतो. करणारा सज्जनपणानेच करतो, पण मेल पोचला अशी आमची समजूत तशीच राहते आणि ज्याचा मेल तो वाट पाहत बसतो.

२०२४ चं उदाहरण सांगतो. एक निवृत्त शिक्षक, त्यांना पहिले पाटील म्हणू. त्यांचं रिटर्न आम्ही २७ जुलैला भरलं. "तीस दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, जमत नसेल तर फोन घेऊन कार्यालयात या" असा मेल त्याच संध्याकाळी पाठवला, पण तो गेला दुसऱ्या पाटलांना. त्यांनी नाव वाचलं, अटॅचमेंट उघडलीही नाही, मेल काढून टाकला. पहिल्या पाटलांच्या आयकर पोर्टलवरच्या खात्यात मुलाचा मोबाइल नंबर होता. पोर्टलचा निरोप मुलाकडे गेला आणि कार्यालयवाले बघतील म्हणून मुलाने तो सोडून दिला. ९ सप्टेंबरला सर स्वतः विचारायला आले, "अहो, माझा रिफंड कुठं अडकला?" तेव्हा सगळं उघड झालं.

आता हिशेब बघा. ई-व्हेरिफाय न केलेलं रिटर्न भरलेलं धरत नाहीत. २७ जुलैपासूनचे तीस दिवस २६ ऑगस्टला संपले. मुदतीनंतर पडताळणी केली की रिटर्न २७ जुलैचं राहत नाही, पडताळणीच्या दिवशी भरलं असं मानतात. सरांनी आमच्यासमोर बसून दोन मिनिटांत ओटीपी टाकला, पण तारीख लागली ९ सप्टेंबर. त्या वर्षी शेवटची तारीख ३१ जुलै होती. त्यामुळे उशिराचं शुल्क ५,००० रुपये, कारण उत्पन्न पाच लाखांच्या वर होतं. ११,४०० चा रिफंड ६,४०० वर आला. फरक आम्ही आमच्या खिशातून दिला. सर नव्या करपद्धतीत होते म्हणून एवढ्यावर निभावलं. पगारदार किंवा पेन्शनर माणसाला जुनी पद्धत हवी असेल तर ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडता येते. ते जुन्या पद्धतीत असते तर विमा, पीपीएफ यांच्या वजावटीही गेल्या असत्या आणि मामला पाच हजारांवर थांबला नसता.

दुसऱ्या पाटलांनी २७ जुलैला एक ओळ कळवली असती तर यातलं काहीच झालं नसतं. त्यांना आम्ही कधी बोल लावला नाही, लावणारही नाही. ते म्हणाले, "मला वाटलं, उगाच दुसऱ्याच्या व्यवहारात कशाला नाक खुपसा." हाच विचार खूप जण करतात, म्हणून हे पत्रक.

तर काय करायचं? आधी कळवा, मग डिलीट करा. क्रम महत्त्वाचा आहे. मेल आधीच काढून टाकलात तर तो नेमक्या कोणत्या पत्त्यावर आला होता हे तुम्हाला पाहता येत नाही, आणि त्यावरून आमची चूक कुठे झाली ते आम्हाला शोधायचं असतं. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली `to me` असं दिसतं. त्याच्या शेजारचा छोटा बाण दाबला की पूर्ण पत्ता उघडतो.

कळवताना `Reply` वापरा, `Forward` नको. दोन्ही सारखेच वाटतात, पण रिप्लायमध्ये अटॅचमेंट परत जात नाही, फॉरवर्डमध्ये जाते. म्हणजे ज्या कागदाची एक प्रत चुकीच्या जागी होती, तिच्या दोन होतात. `Reply all` तर नकोच. मेलमध्ये त्या ग्राहकाच्या बँकेतला माणूस किंवा भाऊ जोडलेला असेल तर सगळ्यांना बातमी लागते. खाली आपोआप येणारा जुना मजकूरही जमल्यास पुसून टाका. लिहायचं एवढंच :

"तुमचा आजचा संध्याकाळी ६.१० चा, 'ई-व्हेरिफाय करा' या विषयाचा मेल माझ्याकडे आला आहे. तो माझा नाही. अटॅचमेंट उघडलेली नाही. कोणाला पाठवलेली नाही. तुमचं उत्तर आलं की काढून टाकतो."

उघडली असेल तर "उघडली होती" असं लिहा, संकोच नको. नाव वाचल्याशिवाय आपला मेल नाही हे कळणार तरी कसं? ते आम्ही विचारतो कारण ज्यांची माहिती चुकीच्या हाती गेली त्यांना आम्ही स्वतः फोन करून सांगतो, आणि काय गेलं, काय नाही हे तेव्हा नीट सांगता यायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संबंधित माणसाला कळवण्याची जबाबदारी घातलेली आहे. आम्ही मात्र ते आधीपासून करतो, कारण गावात अशी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कळली तर माणूस दुखावतो.

मेल लिहिणं जमत नसेल तर फोन करा. "दुसऱ्याचा मेल आलाय" एवढं म्हणालात तरी पुरे. मेलमधला मजकूर फोनवर वाचून दाखवू नका. बसमध्ये किंवा बँकेच्या रांगेत असाल तर मुळीच नको.

आमचं उत्तर आलं की मेल डिलीट करा आणि नंतर `Trash` मधूनही काढा, नाहीतर तो तिथे तीस दिवस पडून राहतो. फाइल उघडली असेल तर ती फोनच्या `Downloads` मध्ये उतरलेली असू शकते. तिथे एकदा डोकावून या.

मदतीच्या भरात एक गोष्ट अनेकदा होते. एका ताईंनी मेलचा स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, "हे कुठले जाधव? कुणाच्या ओळखीचे आहेत का?" जाधव सापडले, दहा मिनिटांत. पण त्यांचा पगार, गृहकर्ज आणि बँक खात्याचे आकडे तोवर साठ घरांत पोचले होते. खरा मालक शोधायचं काम आमच्याकडे राहू द्या. आमच्याकडे फाइल क्रमांक असतो.

"मेल परत खेचून घ्या ना" असंही सांगतात. जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात, तेही सेटिंगमध्ये तसं ठेवलं असेल तर. त्यानंतर तुमच्या पेटीतला मेल आम्हाला हलवता येत नाही.

काही जण म्हणतात, "पत्ता माझा नाहीच, माझ्या पत्त्यात टिंब नाही." `@gmail.com` च्या पत्त्यात टिंब असलं काय, नसलं काय, गूगलला सारखंच. टिंबासकट लिहिलेला पत्ता वेगळ्या माणसाचा नसतो, तो तुमचाच. तेव्हा असा मेल आला तर बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी आपला पत्ता सांगताना शेवटचे आकडे गाळलेले असतात. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या पत्त्याला हा नियम लागू होईलच असं नाही.

आणखी एक प्रकार घरातला. वडिलांच्या रिटर्नसाठी मुलीचा मेल दिलेला असतो. मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला जाते, वडिलांच्या नोटिशी तिच्याकडे जात राहतात आणि तिला वाटतं कार्यालयाकडून चुकून आल्या. तो मेल चुकीचा नाही, पत्ता बदलायचा राहिला आहे. तेव्हाही कळवाच. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत कुणासाठी थांबत नाही.

हे सगळं आमच्याच मेलबद्दल. आमचा पत्ता पावतीवर छापलेला आहे, `@` नंतरची अक्षरं त्याच्याशी ताडून पाहा. अनोळखी ठिकाणाहून "तुमचा रिफंड मंजूर, इथे क्लिक करा" असा मेल आला तर तो चुकून आलेला नाही, मुद्दाम पाठवलेला आहे. त्याला उत्तर देऊ नका, उलट पत्ता चालू असल्याची खूण मिळते. आयकर पोर्टलकडून परक्या माणसाच्या नावाचा ओटीपी किंवा निरोप आला तर कोणीतरी त्याच्या खात्यात तुमचा पत्ता टाकला आहे. ओटीपी कुणालाही सांगू नका आणि मेल घेऊन आमच्याकडे या. आमचा ग्राहक असेल तर त्याला बोलावून पत्ता बदलून घेतो.

आमच्या बाजूने काय बदललं तेही सांगतो. प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे आता फाइल क्रमांक आहे, त्यामुळे यादीत दोन पाटील एकसारखे दिसत नाहीत. पोचपावतीच्या पीडीएफला मूळचा पासवर्ड पॅन आणि जन्मतारखेचा असतो, जो निम्म्या नातेवाइकांना माहीत असतो. आम्ही फाइलला स्वतःचा पासवर्ड घालतो आणि तो मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगतो. "एवढं काय ते, व्हॉट्सॲपवर टाका" असं म्हणणाऱ्यांना थोडा वैताग येतो, कल्पना आहे. पण असा पासवर्ड असता तर वरच्या प्रसंगात दुसऱ्या पाटलांनी फाइल उघडायची ठरवली असती तरी ती उघडली नसती. नवा पत्ता दिलात तर पहिल्यांदा नुसता कोरा मेल पाठवतो. त्याला "मिळाला" असं उत्तर आल्याशिवाय कागद पाठवत नाही, तेव्हा त्या कोऱ्या मेलकडे दुर्लक्ष करू नका.

आमच्याकडे रिटर्न भरणाऱ्यांचा पोर्टलवरचा मेल आणि मोबाइल नंबर आम्ही वर्षातून एकदा तपासून देतो, वेगळे पैसे नाहीत. आधारशी जोडलेला फोन सोबत आणा, म्हणजे ई-व्हेरिफाय तिथल्या तिथे होईल. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. १५ जुलैच्या आत आलात तर चहाही मिळेल.