भट्टी उंच केली, तरी वायू तेवढाच सुटला : समतोल सरकण्याच्या नियमाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात लोखंडाच्या झोतभट्ट्या चालवणाऱ्यांना एक गोष्ट सारखी खटकत असे. भट्टीत कार्बन मोनॉक्साइड लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं करतो. पण भट्टीच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या धुरात बराच कार्बन मोनॉक्साइड न वापरताच निघून जायचा. म्हणजे कोळशाचा पैसा हवेत. वायूला खनिजाजवळ थांबायला पुरेसा वेळ मिळत नसावा, असं निदान झालं. उपाय सरळ होता, भट्टी उंच करा. इंग्लंडमध्ये सुमारे 30 मीटर उंचीपर्यंत भट्ट्या बांधल्या गेल्या. धुरातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण मात्र हललं नाही.

ही हकिकत आंरी ल शातेलिए या फ्रेंच खाण-अभियंत्याने नोंदवून ठेवली आहे, आणि त्याचा रोख स्पष्ट आहे: प्रश्न वेळेचा नव्हताच. ही अभिक्रिया उलटही चालते. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड लोखंडाला पुन्हा ऑक्सिजन देऊन स्वतः मोनॉक्साइड होऊ शकतो. सुलट आणि उलट वेग सारखे झाले की प्रमाण तिथेच अडकतं; यालाच समतोल म्हणतात. त्यानंतर भट्टीत कितीही वेळ घालवा, फरक पडत नाही. तोच हिशेब आधी मांडला असता तर बांधकामाचा खर्च वाचला असता.

अभिक्रिया उलटही फिरते हे कळायला सुरुवात बरीच आधी, इजिप्तमध्ये झाली. 1798 मध्ये नेपोलियनबरोबर क्लोद बेर्तोले हा रसायनज्ञ तिकडे गेला होता. नाट्रॉन सरोवरांच्या काठावर त्याला सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले की चुनखडी आणि मीठ मिळतं; इथे तर मीठ आणि चुनखडीपासून सोडा होत होता! बेर्तोलेने कारण ओळखलं: मिठाचा प्रचंड साठा. एका बाजूचा पदार्थ भरपूर असला की तो अभिक्रियेला दुसऱ्या बाजूला रेटतो. संहतीचा, म्हणजे पदार्थ दिलेल्या जागेत किती दाट आहे याचा, परिणाम तो हाच. 1864 मध्ये गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेच्या मेहुण्यांनी त्याला गणिताचं रूप दिलं.

तापमानाची बाजू राहिली होती. ती 1884 मध्ये डच रसायनज्ञ व्हान्ट हॉफने मांडली, आणि त्याच वर्षी ल शातेलिएने संहती, दाब, तापमान हे तिन्ही एका वाक्यात बसवले. समतोलात असलेल्या व्यवस्थेवर बाहेरून बदल लादला, तर ती अशा दिशेला सरकते की त्या बदलाचा परिणाम काही अंशी कमी व्हावा. ‘काही अंशी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बदल पुरता पुसला जात नाही.

नियम खरा कस लागून सिद्ध झाला तो अमोनियावर:

N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃

डावीकडे वायूचे चार भाग, उजवीकडे दोन. आणि अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते. समतोलाला एक ठरावीक गुणोत्तर असतं: अमोनियाच्या संहतीचा वर्ग भागिले नायट्रोजनची संहती गुणिले हायड्रोजनच्या संहतीचा घन. आता भांड्याचं आकारमान निम्मं करा. प्रत्येक वायूची संहती दुप्पट होते. वरचा आकडा चौपट होतो, खालचा सोळापट. गुणोत्तर एकदम पाव झालं. ते मूळ जागी यायचं तर वरचं वाढलं पाहिजे, म्हणजे आणखी अमोनिया झाला पाहिजे. दाब वाढवला की समतोल कमी भागांच्या बाजूला जातो, तो असा. (झोतभट्टीत एका भाग वायूच्या बदल्यात एकच भाग वायू मिळतो, म्हणून तिथे दाबाचाही उपयोग झाला नसता.)

तापमानाचं मात्र वेगळं आहे. संहती किंवा दाब बदलला तर व्यवस्था ठरलेल्या गुणोत्तरापासून ढळते आणि तिथेच परत येते; तापमान बदललं तर ते ठरलेलं गुणोत्तरच बदलतं. परीक्षेत मुलं इथेच फसतात. अमोनियाच्या बाबतीत तापवणं म्हणजे उष्णता शोषणाऱ्या, अर्थात अमोनिया मोडणाऱ्या दिशेला झुकतं माप देणं. 200 वातावरण दाबाला 400 अंश सेल्सिअसवर मिश्रणात सुमारे 39 टक्के अमोनिया राहू शकतो, 500 वर सुमारे 18, 600 वर जेमतेम 8.

मग थंडच का ठेवत नाहीत? कारण थंडपणी अभिक्रिया जवळजवळ हलतच नाही. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला बंध फार चिवट असतो. थोडक्यात, झोतभट्टीत वेळ होता पण मर्यादा आडवी आली. इथे मर्यादा सोयीची ठेवावी तर वेळ पुरत नाही.

ल शातेलिएने स्वतः 1901 मध्ये लोखंड वापरून सुमारे 200 वातावरण दाबाला हा प्रयोग केला. दिशा बरोबर होती, पण वायूत हवा मिसळली गेली, स्फोट झाला आणि त्याने नाद सोडला. ही संधी हातची गेली याची खंत त्याने पुढे बोलून दाखवली.

जर्मन रसायनज्ञ फ्रिट्झ हाबरने 1904-05 च्या सुमारास 1000 अंशांच्या आसपास मोजमाप केलं तेव्हा साध्या दाबाला दहा हजारांत एखादाच भाग अमोनिया मिळाला. हे आकडे 1907 मध्ये नेर्न्स्ट या दुसऱ्या जर्मन रसायनज्ञाने जाहीरपणे चुकीचे ठरवले. हाबर चिडला, पण त्या चिडीचा फायदाच झाला. रॉबर्ट ल रोसिन्योलच्या मदतीने त्याने उच्च दाबाचं उपकरण उभं केलं. ऑस्मियम उत्प्रेरक मिळाल्यावर 500-600 अंशांतच काम भागू लागलं. उत्प्रेरक सुलट-उलट दोन्ही वेग सारखेच वाढवतो. समतोल तो तसूभरही सरकवत नाही. त्याने फक्त कमी तापमान परवडेल असं केलं, आणि त्या तापमानाने समतोल सरकवला.

उरली संहती. हाबरने एका फेरीत सगळं साधण्याचा हट्टच सोडला. मिश्रण बाहेर काढून थंड करायचं, अमोनिया द्रव होऊन खाली बसतो तो काढून घ्यायचा, उरलेला वायू पुन्हा आत सोडायचा. उत्पादित पदार्थ सतत काढला की अभिक्रिया सतत पुढे जात राहते. जुलै 1909 मध्ये कार्ल्सरूहेला बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या माणसांसमोर हे उपकरण तासन् तास चाललं. पुढे कार्ल बॉशने ते कारखान्याच्या आकाराचं केलं आणि 1913 मध्ये ओप्पाऊला उत्पादन सुरू झालं. ऑस्मियमची जागा तोवर स्वस्त लोखंडी उत्प्रेरकाने घेतली होती.

अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात आजही अमोनिया याच अभिक्रियेने होतो. अशा फेरीत एक अडचण हमखास येते. हवेतून आलेला आर्गॉन आणि इंधनवायूतला उरलासुरला मिथेन कशातच भाग घेत नाहीत, त्यामुळे प्रत्येक फेरीगणिक साचत जातात. दाबमापकाचा काटा जागेवरच असतो, पण त्या दाबात नायट्रोजन आणि हायड्रोजनचा वाटा घटलेला असतो. समतोलाला मोजायचा असतो तो हा वाटा, एकूण दाब नव्हे. म्हणून अमोनिया कमी पडू लागतो. त्यावर उपाय म्हणजे फिरत्या वायूतला थोडा भाग सतत बाहेर सोडणं. त्याबरोबर महागडा हायड्रोजनही जातो, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो त्यातून वेगळा करून परत आणतात.