आरोपपत्राआधीचे नव्वद दिवस

तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून प्रेस नोट निघते आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो: ‘आरोपीची कबुली’. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही, हे ठाण्यातल्या हवालदारालाही ठाऊक असतं. तरीही वार्ताहरावर सहसा कारवाई होत नाही. त्याचं मूळ १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात आहे.

आधी न्यायालयं खटला अजून उभा राहिला नसला तरी ‘लवकरच होणार’ असेल, तर त्याला बाधा आणणारा मजकूर अवमान मानत. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यातल्या १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेला महत्त्व दिलं: अटक झाली की खटला ‘लवकरच होणार’ असं धरलं. दोनच वर्षांनी आलेल्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम ३ ने मात्र अवमान कुठून सुरू होतो ती रेघ पुढे सरकवली. फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ धरायचं ते आरोपपत्र दाखल झाल्यावर किंवा कोर्टाने समन्स वा वॉरंट काढल्यावर. गंभीर गुन्ह्यात आरोपपत्राला नव्वद दिवस लागू शकतात. म्हणजे लोकांचं मत बनायच्या नेमक्या काळात अवमानाचा धाक जवळपास नाहीच.

यवतमाळकडच्या एखाद्या गावात दरोडा पडला, असं समजा. फिर्यादीने चोरांना अंधारात ओझरतं पाहिलं होतं. अटकेच्या दिवशीच संशयिताचा उघडा चेहरा स्थानिक चॅनेलवर आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. नंतर ओळख परेडमध्ये फिर्यादीने त्याच्यावर बोट ठेवलं, तर ते त्या रात्रीच्या आठवणीतून की मोबाइलवरच्या फोटोतून? बचावाचा वकील उलटतपासणीत हाच प्रश्न विचारतो. परेडवरचा विश्वास उडाला, तर खरा दरोडेखोरही सुटतो. निर्दोष माणसाचे हाल होतात ते वेगळेच. शहरात तो गर्दीत हरवेल, गावात कुठे जाणार?

विधी आयोगाने २००६ च्या २०० व्या अहवालात रेघ पुन्हा अटकेपर्यंत मागे आणायला सांगितलं, पण कलम ३ तसंच राहिलं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या वार्तांकनावरच्या नीलेश नवलखा प्रकरणात दुसरी वाट काढली. तपासातली ‘मीडिया ट्रायल’ न्यायदानातच अडथळा आणते, म्हणून प्रकरण प्रलंबित नसलं तरी तो अवमान ठरू शकतो, असं न्यायालय म्हणालं. कबुली ग्राह्य पुरावा असल्यासारखी छापणं, ओळख पटेल असे आरोपीचे फोटो दाखवणं, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या साक्षीचं वजन ठरवणं टाळा, असंही बजावलं.

बातमीच नको, असा याचा अर्थ नाही. हिंगणघाटला प्राध्यापिकेला पेटवून दिल्याच्या २०२० च्या प्रकरणात मोर्चे निघाले, गाजावाजा झाला आणि सरकारने उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमलं. अटक झाली, कलमं कोणती लागली, तपास का रखडला, हे छापायला २०२१ च्या निकालाचीही हरकत नाही. अडचण आहे ती ‘संशयित’ हा शब्द गाळून थेट ‘नराधम’ लिहिण्याची.