दिरहॅमचा पगार आणि रुपयांचा हिशेब

“दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, मग पगाराच्या दिवशीचा दर धरला तर काय बिघडलं?”

डॉलर 3.6725 दिरहॅमला स्थिर आहे हे खरे. पण रुपया तसा बांधलेला नाही, त्यामुळे डॉलर-रुपया हलला की दिरहॅमचा दरही हलतो. समजा, दुबईहून परळच्या घरी 5,000 दिरहॅम पाठवायचे आहेत. पगाराच्या दिवशी बाजारदर 23.20 असल्याने 1,16,000 रुपये अपेक्षित होते. आठवड्याने बाजारदर 23.10 झाला, पैसे पाठवणाऱ्या एक्स्चेंजने 22.95 दिला आणि 20 दिरहॅम शुल्क कापले. म्हणून 4,980 दिरहॅमचे 1,14,291 रुपयेच जमा झाले. या 1,709 रुपयांच्या तुटीत थांबण्याचे जेमतेम 500, शुल्काचे 459 आणि दरातल्या छुप्या कपातीचे तब्बल 750 रुपये आहेत. ही कपात पावतीवर वेगळी दिसत नाही. पाठवण्याच्या क्षणीचा बाजारदर शेजारी ठेवला तरच कळते.