सौम्य पार्श्ववक्रता आणि वजन उचलणे

पाठीचा कणा बाजूला वळणे आणि त्याच जागी मणके स्वतःभोवती फिरणे, या दोन्ही गोष्टी मिळून पार्श्ववक्रता म्हणजेच स्कोलिओसिस होतो. हा शब्द ग्रीक असून त्याचा वापर सामान्यतः इ. स. दुसऱ्या शतकातील गेलेनपर्यंत मागे नेला जातो. बाक क्ष-किरण चित्रावर कॉब कोनाने मोजतात. ही पद्धत जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. १० अंशांखालील बाकाला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. सौम्य बाकाची वरची मर्यादा काही जण २०, तर काही २५ अंश धरतात. मोजणीतच पाचेक अंशांची चूक संभवते, त्यामुळे १६ चे १९ झाले म्हणून बाक वाढला असे ठरत नाही.

बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. बाकाच्या फुगीर बाजूचे स्नायू जाड दिसतात. हे बाकाचे कारण की परिणाम, याबद्दल मतभेद आहेत. परिणाम हेच मत अधिक पटण्याजोगे आहे. मणके फिरले की फासळ्या मागे सरकतात आणि स्नायूंना वर ढकलतात. म्हणून उंच दिसणारी बाजू बळकट असेलच असे नाही, आणि सपाट बाजूला दुप्पट व्यायाम देऊन कणा सरळ होत नाही. जर्मनीत कातारिना श्रोट यांनी विकसित केलेले व्यायाम मुद्दाम असमान असतात. पण त्यांत श्वास व धडाची ठेवण प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या बाकानुसार ठरवतो.

समजा, छातीच्या भागात उजवीकडे १८ अंशांचा बाक असलेली प्रौढ व्यक्ती ६० किलोची डेडलिफ्ट करते, म्हणजे वजनाची दांडी जमिनीवरून उचलून सरळ उभी राहते. मागून चित्रीकरण केल्यास दांडीचे एक टोक आधी उठताना, कंबर एका बाजूला सरकताना दिसू शकते. एक तळवा पुढे, एक मागे अशी पकड धडाला आणखी पीळ देते; दोन्ही तळवे मागे ठेवून, गरज पडल्यास मनगट दांडीला बांधणारे पट्टे वापरावेत. वजन ४० किलोवर आणून दांडी सपाट उठते का पाहावे. तरीही ती तिरकी उठत असेल, तर आत उभे राहून उचलायची षट्कोनी दांडी किंवा दोन डंबेल सोयीचे पडतात. कणा आरशात सरळ दिसावा म्हणून ताणू नये. आपल्या नेहमीच्या ठेवणीत तो वजनाखाली हलू न देणे पुरेसे आहे. एका हाताने वजन धडाकडे ओढण्याच्या रोइंग व्यायामात कमजोर बाजूने सुरुवात करावी आणि तिच्याकडून दहा आवर्तने झाली तर दुसरीकडूनही दहाच करावीत.

सौम्य बाक जड वजनाला मुळातच मज्जाव करतो असे नाही. स्कोलिओसिस असलेल्या लॅमर गँट या अमेरिकन पॉवरलिफ्टरने १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट केली. अर्थात एका खेळाडूवरून नियम काढता येत नाही.

वाढीच्या वयात बाक झपाट्याने वाढू शकतो, म्हणून मुलांनी अस्थिरोगतज्ज्ञांकडे नियमित तपासणी करावी. प्रौढांनी रात्री झोपमोड करणारे दुखणे, पायात मुंग्या वा अशक्तपणा, कपडे एका बाजूला नव्याने उतरू लागणे यांसाठी तज्ज्ञांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.