बासरी ऐकणारे मूग आणि सत्तर वाटण्या

परवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. कुठल्याशा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला, कार्डशीटवर स्केचपेनने काढलेला तक्ता. मुगाच्या आठ कुंड्या. चार कुंड्यांना रोज बासरी ऐकवली, चार तशाच ठेवल्या आणि दहाव्या दिवशी रोपांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजली. बासरीवाल्या कुंड्या १४, १७, १८, १९. बाकीच्या ११, १३, १५, १६. खाली सरासरी: १७ आणि १३.७५. फोटोसोबत ओळ होती, ‘आता विज्ञानानेही मान्य केलं!’

मुलांनी मोजमाप केलं, तक्ता मांडला, याचं कौतुकच आहे. ‘विज्ञानाने मान्य केलं’ हे मात्र मुलांचं नव्हे, फॉरवर्ड करणाऱ्या मोठ्यांचं वाक्य. बरणीतल्या भाताला शिव्या दिल्या की तो लवकर नासतो, हेही अशाच दोन बरण्यांच्या जोरावर पसरलेलं आहे. पण नुसतं हसून सोडून देण्यापेक्षा या तक्त्याला एक प्रश्न विचारता येतो, आणि त्याचं उत्तर कागद-पेन्सिलीने काढता येतं. बासरीचा काहीच परिणाम नसता, तरी केवळ वाटणीच्या योगायोगाने सव्वातीन सेंटिमीटरचा फरक पडला असता का? आणि किती सहज?

समजा, बासरी ऐकवा वा न ऐकवा, मुगाला काहीच फरक पडत नाही. मग १९ सेंटिमीटर वाढलेली कुंडी दुसऱ्या गटात असती तरी १९च वाढली असती. आठही आकडे जसेच्या तसे राहिले असते. बदलली असती ती फक्त ‘बासरी’ ही चिठ्ठी कोणत्या चार कुंड्यांवर लागली ते. आठांतून चार निवडायचे प्रकार अकरावीच्या गणिताप्रमाणे (८×७×६×५) भागिले (४×३×२×१), म्हणजे ७०. चिठ्ठ्या टाकून गट पाडले असतील, तर या सत्तर वाटण्यांपैकी कुठलीही तितक्याच सहजतेने निघाली असती. आपल्याला दिसते आहे ती त्यातली एक. आपली वाटणी अशी सगळ्या शक्य वाटण्यांशी ताडून पाहणं, यालाच पर्म्युटेशन टेस्ट म्हणतात. हीच सत्तरची मोजणी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली चहाच्या आठ कपांचं उदाहरण घेऊन समजावली होती: दूध आधी घातलं की चहा, हे चवीवरून ओळखण्याचा दावा करणाऱ्या बाईंनी दूध आधी घातलेले चारही कप अचूक निवडले, तर ते नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता सत्तरात एक.

आता मोजायचं काय? सत्तर वेळा सरासऱ्या काढायची गरज नाही. आठही आकड्यांची बेरीज १२३ ठरलेली आहे, म्हणून बासरी गटाची बेरीज वाढली की दुसऱ्याची तेवढीच कमी होते आणि फरक वाढतो. तेव्हा फक्त बासरी गटाची बेरीज बघायची. आपली बेरीज १४+१७+१८+१९ = ६८. प्रश्न इतकाच उरला, की या आठ आकड्यांतून कोणतेही चार उचलले तर ६८ किंवा त्याहून जास्त बेरीज किती वेळा येते?

वरून सुरुवात करू. सगळ्यात मोठे चार म्हणजे १६, १७, १८, १९, बेरीज ७०. त्यातला १६ काढून १५ घेतला की ६९. १५ ऐवजी १४ घेतला की ६८, हीच आपली वाटणी. शिवाय १५, १६, १८, १९ यांचीही बेरीज ६८ येते. पाचवी वाटणी शोधायला गेलात तर ६७ वर उतरावं लागतं. म्हणजे सत्तरात चार, ५.७ टक्के.

इथे एक लबाडी सहज होऊन जाते. ‘आपल्याहून टोकाच्या’ वाटण्या मोजायच्या म्हणून लोक स्वतःची वाटणी गाळतात आणि सत्तरात तीन, ४.३ टक्के, असं लिहितात. शक्यता पाच टक्क्यांहून कमी असली की निकाल निव्वळ योगायोगाचा नाही असं मानायची प्रथा आहे; त्या प्रसिद्ध रेषेखाली तक्ता सरकला की प्रदर्शनात बक्षीस! पण घडलेली वाटणीही त्या सत्तरातलीच आहे, तिची बरोबरी करणारीही मोजलीच पाहिजे. बासरीने मूग वाढतात की खुरटतात, हे आधी ठरवलं नसेल तर उलट्या टोकाच्या चार वाटण्याही धरायच्या. मग सत्तरात आठ, ११.४ टक्के. आणि ५.७ टक्के याचा अर्थ ‘बासरी चालते याची ९४ टक्के खात्री’ असा होत नाही. बासरीत काही नाही असं धरून चाललो, तर इतका किंवा याहून मोठा फरक सत्तरात चारदा दिसेल, एवढंच तो आकडा सांगतो.

पायथॉन येत असेल तर मोजणी पडताळायला पाच ओळी पुरतात:

```python
from itertools import combinations
a = [14, 17, 18, 19]
b = [11, 13, 15, 16]
s = [sum(c) for c in combinations(a + b, 4)]
print(sum(x >= sum(a) for x in s), len(s))
```

उत्तर `4 70` येतं.

पण आकडे फोटोतून उतरवले आहेत, ही गोष्ट क्षुल्लक नाही. दुसऱ्या रकान्यातला तो ११ बघा. स्केचपेनची शाई पसरलेली, वर ट्यूबलाइटची चकाकी. एकावर गाठ जरा गोल झाली की नऊ. तो १९ वाचला तर काय होतं? बासरी गटाची बेरीज ६८च राहते, पण आता ६८ किंवा जास्त बेरीज देणाऱ्या वाटण्या चारवरून एकोणीसवर जातात. (दोन १९ या दोन वेगळ्या कुंड्या आहेत, म्हणून त्या वेगळ्याच मोजायच्या.) सत्तरात १९ म्हणजे २७ टक्के, तक्त्यात सांगण्यासारखं काही उरतच नाही. सुदैवाने खालची सरासरी मदतीला येते. १३.७५ गुणिले चार बरोबर ५५, आणि ११+१३+१५+१६ बरोबर ५५. तो ११च आहे. फोटोतला तक्ता वापरताना बेरीज किंवा सरासरीची ओळ असेल, तर आधी ती जुळवून पाहावी.

गट याहून लहान असते तर मोजायची गरजही नव्हती. तीन विरुद्ध तीन कुंड्यांच्या वाटण्या फक्त २०. बासरीच्या तिन्ही कुंड्या सगळ्यांत उंच निघाल्या तरी विसात एक, म्हणजे पाच टक्के. त्याखाली उतरणं अशक्य. दोन्ही टोकं धरली तर दहा.

मला खरी शंका आहे ती निराळीच. बासरी वाजवायला एक मोबाइल, एक खोली. ऐकणाऱ्या चारही कुंड्या त्या खोलीत, बाकीच्या दुसऱ्या खोलीत असणार. तसं असेल तर चिठ्ठी कुंडीवर लागलीच नाही, ती खोलीवर लागली. एका खोलीला पूर्वेची खिडकी असेल, तर उजेड, ऊब, पाणी घालणारं मूल, सगळं चारही कुंड्यांना एकत्र मिळालं. अशा वेळी शक्य वाटण्या सत्तर नसतात, दोनच असतात: बासरी या खोलीत किंवा त्या खोलीत. मग फरक कितीही दिसो, दोनांत एक, पन्नास टक्के. आठाऐवजी ऐंशी कुंड्या ठेवल्या तरी हा आकडा हलत नाही.

यातून वाट आहे. त्याच दोन खोल्या वापरायच्या, पण दर खेपेला नवे मूग पेरायचे आणि बासरी कुठल्या खोलीत वाजणार हे नाणं उडवून ठरवायचं. पाच खेपांत नाणं ३२ प्रकारे पडू शकतं. प्रत्येक खेपेला बासरीची खोली पुढे राहिली, तर बत्तिसात एक, म्हणजे ३.१ टक्के. दहा दिवसांची एक खेप धरली तर पन्नास दिवस लागतील.