दिशाकोनाचे कार्यपत्रक (उत्तररेषा, उलट दिशाकोन आणि चुकीच्या बिंदूवरचे मोजमाप)

दिशाकोन, म्हणजेच बेअरिंग, हा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला आणि तीन अंकांत लिहिलेला कोन होय. त्याच्या सरावासाठी दिलेल्या कार्यपत्रकात गावांचे बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि प्रत्येक बिंदूवर एक उभी उत्तररेषा असते. बेळगाव सीमाभागात अशा सरावासाठी बेळगाव, गोकाक आणि निपाणी हा त्रिकोण सोयीचा पडतो. १ सेंमी = ५ किमी हे प्रमाण घेतले तर तो साध्या कागदावर मावतो: बेळगाव–गोकाक १० सेंमी, गोकाक–निपाणी ११ सेंमी, निपाणी–बेळगाव सुमारे १२.४ सेंमी. ही अंतरे हवाई आहेत, रस्त्याची नव्हेत.

सर्व उत्तररेषा एकमेकींना समांतर काढतात. खरे तर त्या ध्रुवाकडे किंचित झुकतात, पण गोकाक आणि निपाणी यांच्या रेखांशांत अर्ध्या अंशाहूनही कमी फरक असल्याने हा झुकाव अंशाच्या आठव्या भागाएवढाच येतो. शाळेतल्या कोनमापकावर तो दिसतही नाही.

या त्रिकोणात बेळगावहून गोकाक ०४६°, गोकाकहून निपाणी २९८° आणि निपाणीहून बेळगाव १६८° येते. आकडे पूर्णांकात घेतले आहेत. उलट दिशाकोन काढताना १८० मिळवायचे, आणि मूळ आकडा १८० किंवा त्याहून मोठा असेल तर वजा करायचे. त्यानुसार गोकाकहून बेळगाव २२६°, निपाणीहून गोकाक ११८°, बेळगावहून निपाणी ३४८°. उत्तररेषा समांतर असल्यामुळेच हा नियम चालतो. जोडरेषा ही त्यांची छेदिका असते, त्यामुळे दोन्ही टोकांना ती उत्तरेशी एकच तिरकस कल राखते आणि फक्त बघण्याची दिशा उलटते.

मापनात कोनमापकाचा मध्यबिंदू जिथून निघायचे त्या गावावर येतो, म्हणजे वाक्यात ज्याला ‘हून’ किंवा ‘पासून’ लागले आहे त्या गावावर. अर्धवर्तुळी कोनमापकाने २९८° थेट मोजता येत नाही. अशा वेळी उत्तररेषेच्या डावीकडचा ६२° मोजून ३६० मधून वजा करतात.

‘गोकाकहून निपाणीचा दिशाकोन काढा’ या एका प्रश्नाला चुकीची उत्तरे ठरावीकच येतात, आणि आकड्यावरूनच चूक कुठे झाली ते कळते. ११८° आले तर कोनमापक निपाणीवर ठेवला होता. खऱ्या उत्तराशी नेमका १८० चा फरक ही चुकीच्या बिंदूची खूण आहे. ०६२° आले तर बिंदू बरोबर होता, पण कोन डावीकडे मोजून तसाच लिहिला. तो आणि खरे उत्तर यांची बेरीज ३६० भरते. ०७२° आले तर गोकाकवर उत्तररेषेऐवजी बेळगावच्या रेषेपासून मोजले, म्हणजे त्रिकोणाचा आतला कोनच उत्तर म्हणून लिहिला. २४२° मध्ये दोन चुका एकत्र असतात: निपाणीवर मोजले आणि तेही डावीकडे. तपासणाऱ्याने नुसती फुली न मारता यातली खूण शेजारी लिहावी, कारण ११८ आणि ०६२ यांची दुरुस्ती वेगवेगळी आहे.

आतल्या कोनांची पडताळणी अशी करतात: बेळगावला ३४८° ते ०४६° म्हणजे ५८°, गोकाकला २२६° ते २९८° म्हणजे ७२°, निपाणीला ११८° ते १६८° म्हणजे ५०°. बेरीज १८०°. आता गोकाकच्या जागी ११८° ही चूक राहिली असे धरू. तिचा उलट कोन निपाणीवर २९८° होतो, आतले कोन ५८°, १०८° आणि १३०° पडतात आणि बेरीज २९६° वर जाते. एका रेषेची चूक अशी लगेच पकडली जाते.

पण ही पडताळणी सर्वत्र पुरत नाही, आणि इथेच चांगले विद्यार्थीही फसतात. तिन्ही कोन सलग चुकीच्या टोकाला मोजले, म्हणजे बेळगाव–गोकाक २२६°, गोकाक–निपाणी ११८°, निपाणी–बेळगाव ३४८° असे लिहिले, तर प्रत्येक शिरोबिंदूवरच्या दोन्ही दिशा एकदमच १८० ने फिरतात. आतले कोन तेच राहतात, बेरीजही बरोबर १८०° येते. ही चूक फक्त नकाशाकडे पाहून कळते: निपाणी गोकाकच्या वायव्येला आहे, म्हणून उत्तर २७०° आणि ३६०° यांच्यामध्येच पडायला हवे. म्हणून कोनमापक हाती घेण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नाशेजारी उपदिशा लिहून ठेवावी: गोकाक ईशान्येला, निपाणी वायव्येला, बेळगाव आग्नेयेला. शेवटचे पुष्कळांना खटकते, कारण निपाणीहून बेळगाव ‘खाली दक्षिणेला’ असेच बोलण्यात असते. १६८° मात्र दक्षिणेच्या १२° पूर्वेला आहे.